नोटीस : ड्यू प्रोसेस पाहा

माझा मेव्हणा अमेरिकेत कायदा शिकायला गेला त्या वर्षी मी त्याच्याविरुद्ध एक निकाल दिला. मी न्यायाधीश नव्हतो. नगरच्या जिल्हा कोर्टात वकिली करणारा, तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस होतो. सासरच्या घरात कायदा समजणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मी म्हणेन तो निकाल, अशी परिस्थिती होती. त्या निकालाचं ओझं मी वीसेक वर्षं वाहतो आहे. ते आता लिहून काढतो.

माझे सासरे देवळाली प्रवऱ्याचे. कॅनॉलच्या पाण्यावरचा ऊस, दारात दोन बैलजोड्या, आणि कोणावरही एकदम विश्वास न टाकण्याचा स्वभाव. मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांचा हा एकुलता मुलगा पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकला. सुट्टीत तो आमच्याकडे नगरला यायचा आणि मी त्याची उजळणी घ्यायचो. राज्यघटना तर मीच शिकवली म्हटलं तरी चालेल. पुढे एका अमेरिकन विद्यापीठाने त्याला वर्षभराची शिष्यवृत्ती दिली. तशीच एक संधी मला कधीतरी हवी होती आणि मिळाली नव्हती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

दिवाळीनंतर एके दुपारी मामा कोर्टाच्या आवारात येऊन थांबले. मी तेव्हा सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांपुढे एक प्रकरण चालवत होतो. बेलापूरच्या एका सभासदाला त्याच्या संस्थेने काढून टाकलं होतं. सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतांनी ठराव झाला होता, पण त्याला दिलेल्या नोटिशीत ‘संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन’ एवढेच शब्द होते. कोणतं वर्तन, केव्हाचं, काही नाही. निबंधकांची मंजुरी मिळाल्याशिवाय असा ठराव लागू होत नाही, आणि ती मंजुरी देऊ नका, असं माझं म्हणणं होतं. ज्याला आरोपच माहीत नाही त्याने बाजू मांडायची कशाची? हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे, असं मी तिथे चांगलं ठणकावून सांगितलं होतं, आणि पुढची तारीख घेऊन बाहेर आलो होतो.

मामांनी टोपीच्या घडीतून हवाई टपालाचं निळं पाकीट काढलं. त्यात पत्राबरोबर घडी घातलेला आणखी एक कागद होता.

“पोरगं काय लिवतंय बगा,” ते म्हणाले. “निम्मं इंग्रजीत हाय. बापाला कळू नये म्हून आसंल.”

पत्र खरं म्हणजे मलाच होतं, ‘दाजी’ अशी सुरुवात होती. पण पाकिटावर पत्ता देवळालीचा होता, म्हणून ते त्यांनी फोडलं होतं. मजकूर असा : अधिकाऱ्याने परवाना रद्द करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकायला हवं का, या विषयावर भारत आणि अमेरिका यांची तुलना करणारा निबंध त्याने लिहिला होता. प्राध्यापकांनी तो नापास करून परत दिला. ‘नैसर्गिक न्याय’ या शब्दांखाली रेघ मारून त्यांनी समासात विचारलं होतं, हा निसर्ग कोणाचा? तुम्ही तत्त्वज्ञान लिहिताय की प्रशासकीय कायदा? डिसेंबरात सत्र संपेपर्यंत नव्याने लिहून दिला तर ठीक, नाहीतर विषय गेला, आणि विषय गेला की शिष्यवृत्तीही बंद. मेव्हण्याने पुढे लिहिलं होतं : दाजी, इथे नैसर्गिक न्याय नावाची गोष्टच नाही. वर्गात कोणी तो शब्द उच्चारत नाही. पुस्तकाच्या सूचीत तो नाही. पान यंत्रावर काढून पाठवतो आहे, तुम्हीच बघा. मी काय करू?

घडीचा कागद म्हणजे ते सूचीचं पान. फोटोस्टॅट आम्ही कोर्टात पाहिले होते, पण ते काळपट आणि ओलसर वासाचे. हा कागद पांढरा, गुळगुळीत, अक्षरं ठसठशीत. ‘नॅचरलायझेशन’ म्हणजे परक्याला नागरिक करून घेणं, या शब्दाच्या वर लाल पेन्सिलीने बाण काढला होता : इथे असायला हवं होतं, नाही.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. “खरं हाय का हे?”

मी कसा विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. इंग्रजांचा कायदा जिथे गेला तिथे त्याच्याबरोबर नैसर्गिक न्याय गेला. अमेरिका ही इंग्रजांचीच जुनी वसाहत. तिथे ऐकून न घेता माणसाला उडवतात आणि कायदा गप्प बसतो, हे शक्य नाही. म्हणजे मुलगा वर्गात जात नाही. वर्गात जात नाही म्हणून त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही ते झाकायला हे सोंग. मी पाकीट उलटून पाहिलं. शिक्का त्याच्या विद्यापीठाच्या गावाचा नव्हता, दुसऱ्याच शहराचा होता. तो तिथे काय करत होता?

“हा कागद साक्षांकित नाही,” मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की कान तापतात. “वर पुस्तकाचं नाव नाही, शिक्का नाही. असं पान काय, कुठेही छापून घेता येतं.”

मामांना तेवढं पुरेसं होतं. गावात आधीच कुजबुज होती. राहुरीकडचा कोणाचा तरी मुलगा परदेशात शिकायला म्हणून गेला आणि हॉटेलात बशा विसळत राहिला, ही कथा त्यांना दर आठवडी बाजारात कोणी ना कोणी ऐकवत असे. “म्हंजी शिकत न्हाई त्यो,” ते म्हणाले. मी नाही म्हणालो नाही.

तिथेच लिंबाखालच्या बाकावर बसून त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. तुझं सोंग कळलं, सत्र संपलं की निघून ये, इथे शेती आहे. त्यांचं बोलणं मी शुद्ध मराठीत केलं, आणि ते शुद्ध केल्यावर अधिकच कठोर झालं. खाली त्यांनी सही केली आणि पत्र त्याच दिवशी टपालात पडलं. सूचीचा कागद आणि मेव्हण्याचं पत्र माझ्याकडेच राहिलं. मी दोन्ही बेलापूरच्या प्रकरणाच्या फाइलमध्ये ठेवलं.

घरी बायकोला हे सांगितलं. कणीक मळता मळता तिने विचारलं, की ज्याला खोटं बोलायचं तो पुरावा कशाला पाठवेल. खोटं बोलणारेच पुरावे पाठवतात, मी रोज बघतो, असं मी म्हणालो.

“तुम्ही रोज बघता ते अशील,” ती म्हणाली. “हा माझा भाऊ आहे. त्याला तुम्ही उलट एक प्रश्न तरी विचारलात का?”

मी चिडलो. विचारायला महिना जातो, असं काहीतरी उत्तर दिलं. ते खरंही होतं. जायला दहाबारा दिवस, यायला तितकेच. पण विचारावंसं मला वाटलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

पंधरा दिवसांनी बेलापूरच्या प्रकरणाची तारीख आली. सकाळी बाररूममध्ये फाइल उघडून बसलो. नोटिशीवर बोलायचं होतं, म्हणून डोक्यात तो एकच शब्द घोळत होता. फाइलमधून तो गुळगुळीत कागद खाली सरकला. उचलून ठेवताना नजर पानाच्या तळाशी गेली. लाल बाण वर होता. त्याच्या खाली नद्यांच्या जलवाहतुकीची नोंद, मग निष्काळजीपणाची, आणि अगदी शेवटी, बाणापासून वीतभर अंतरावर, ‘नोटीस’. त्यापुढे लहान अक्षरांत : ‘ड्यू प्रोसेस’ पाहा, ‘हिअरिंग’ पाहा.

मी ती ओळ दोनतीनदा वाचली. नोटीस आणि सुनावणी. अहो, हाच तर नैसर्गिक न्याय! निदान त्याचा अर्धा भाग. दुसऱ्या पक्षाला कळवा आणि त्याचं ऐका. उरलेला अर्धा म्हणजे स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये.

आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली, जिच्यामुळे हे सगळं लिहायला घेतलं. ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द त्या मुलाला माहीत होते. मीच सांगितले होते. आपली घटना तयार होताना हे शब्द जाणूनबुजून बाजूला ठेवले गेले आणि त्याऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले गेले, हे प्रत्येक मराठी, गुजराती, मद्रासी कायद्याच्या विद्यार्थ्याने घोकलेलं असतं. अमेरिकेतली कोर्टं त्या शब्दांच्या जोरावर विधिमंडळाचे कायदेच मोडीत काढतात, ही भीती होती. ते खोटं नव्हतं, पण ती त्या शब्दांची एक बाजू होती. दुसरी बाजू साधी : सरकारने माणसाचं काही काढून घेण्याआधी त्याला कळवावं आणि त्याचं ऐकावं. ती बाजू मी कधी वाचली नव्हती. सुट्टीत त्याने विचारलं होतं, दाजी, पुस्तकातलं हे ड्यू प्रोसेसचं प्रकरण करायचं का? मी म्हणालो होतो, “ते आपलं नाही. काट मार.” त्याने माझ्यासमोर पेन्सिलीने काट मारली होती.

म्हणजे तिकडे प्राध्यापक रोज ड्यू प्रोसेस, ड्यू प्रोसेस म्हणत असणार, आणि हा मुलगा, हे घटनेचं चाललंय, आपल्या विषयाचं नाही, असं समजून नैसर्गिक न्यायाची वाट बघत बसलेला असणार. सूचीत त्याने एकाच शब्दाची जागा शोधली. मीही तेवढीच पाहिली.

तरीही मला खात्री वाटेना. मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो ते वृद्ध वकील खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जामखेडची हद्द ओलांडून आष्टीत गेलास आणि तलाठी कुठे बसतो म्हणून विचारलंस, तर लोक काय सांगतील?”

“पटवारी म्हणा, म्हणतील.”

“आणि तू नगरला परत येऊन सांगशील, तिकडे तलाठीच नाही, सातबारा कोणी लिहीतच नाही. होय ना?” त्यांनी चष्मा खाली घेतला. “माणूस तोच रे. तो मुलूख निजामाकडून आला म्हणून नाव वेगळं. पण एक लक्षात ठेव, नाव वेगळं असलं की अधिकारही थोडे वेगळे असतात. तेवढं नीट बघ आणि मग शहाणपण शिकव.”

सहायक निबंधकांनी त्या दिवशी माझं म्हणणं मान्य केलं. ठरावाला मंजुरी नाकारली गेली. अशिलाने माझे हात धरले. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी सायकल काढली आणि तारघर गाठलं.

बांगलादेशच्या युद्धाचे दिवस होते. नगर लष्करी गाव. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे तो हेर असल्यासारखं बघणारा. माझा तारेचा मजकूर असा होता : नॅचरल जस्टिस तिथे ड्यू प्रोसेस म्हणून ओळखतात, नोटीस आणि हिअरिंग पाहा, येऊ नकोस, पत्र मागाहून.

कारकुनाने फॉर्म दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फॉर्मकडे.

“प्रोसेस कसली?”

“कायद्यातली. मी वकील आहे.”

“वकील आहात तर नावं का बदलताय? एकाच गोष्टीला दोन नावं असतात ती चोराची. आणि येऊ नकोस म्हणजे? कोण येणार होतं?”

रांगेतला एक जण हसला. मी काळा कोट दाखवला, कोर्टातलं ओळखपत्र दाखवलं. तो आत गेला आणि पोस्टमास्तरांना घेऊन आला. मला त्या दोघांना प्रशासकीय कायदा समजावून सांगावा लागला. एखाद्याला नोकरीतून काढायचं झालं तर आधी नोटीस देतात ना, त्याचा खुलासा घेतात ना, त्याला आपण असं म्हणतो, ते तसं म्हणतात. पोस्टमास्तरांवर बहुधा कधीतरी तशी वेळ आली होती. त्यांनी मान हलवली. पण सही करण्याआधी माझा पत्ता, वडिलांचं नाव, मेव्हण्याशी नातं, हे सगळं लिहून घेतलं. परदेशाला असं काही कळवणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटला, यात त्यांची चूक काय? निदान त्यांनी माझं ऐकून तरी घेतलं होतं.

दोन दिवसांनी सविस्तर पत्र टाकलं. बाररूममधले सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल काढून बसलो. नैसर्गिक न्यायाच्या चर्चेत अमेरिकन निकालांचा उल्लेख यायचा, आणि ते परिच्छेद मी नेहमी ओलांडून पुढे जायचो. या वेळी ते वाचले. त्याला लिहिलं की दोन्हीकडे गाभा एक आहे : कळवणं, ऐकणं आणि निष्पक्ष माणसाने ठरवणं. पण मुळं वेगळी आहेत. आपल्याकडे आणि इंग्लंडात हा न्याय कोर्ट कायद्याच्या मजकुरात वाचून घेतं. विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत नको म्हटलं तर तो बाजूला सारता येतो. त्यांच्याकडे तो घटनेतच लिहिलेला आहे, म्हणून विधिमंडळालाही त्याला हात लावता येत नाही. मात्र त्यांच्याकडे दारावर एक पहारेकरी आहे : सरकार तुझं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता घेत असेल तरच आत ये. परवाना ही मालमत्ता की सरकारची मेहरबानी, हा त्यांचा सध्याचा वाद दिसतो. आपल्याकडे दारातला प्रश्न निराळा होता : अधिकारी न्यायाधीशासारखं काम करतो आहे की नुसतं प्रशासन? आणि आपली कोर्टं आता तो भेद पुसट करत चालली आहेत. निबंध इथून सुरू कर. दोन नावं का पडली, हाच तुझा विषय. बेलापूरच्या प्रकरणातली नोटीस आणि आदेश यांची नक्कलही सोबत जोडली, अशिलाचं नाव खोडून. नक्कल साक्षांकित करून घेतली. तेवढी सवय सुटली नाही.

पत्रात सगळं होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. ड्यू प्रोसेसच्या प्रकरणावर काट मारायला मी सांगितलं होतं, हे मी लिहिलं नाही.

जानेवारीत त्याचं कार्ड आलं. निबंध स्वीकारला गेला, शिष्यवृत्ती चालू राहिली. कार्डावर खाली एक ओळ जास्तीची होती : ‘बाबांचं पत्र मिळालं होतं. सही त्यांची, अक्षर तुमचं.’ एवढंच.

मी देवळालीला गेलो आणि मामांना सांगितलं की मुलगा पास झाला. ते खूष झाले नाहीत. “आधी नापास, मंग पास? कसं काय?” त्यांनी विचारलं. तेव्हा सांगायला हवं होतं, मामा, चूक माझी होती, शिकवणीतही आणि निकालातही. तोंडातून निघालं ते असं, की तिथल्या प्राध्यापकांचं मत बदललं.

“मत बदालतंय व्हय? म्हंजी हातापाया पडलं आसंल पोरगं.”

मी हसलो.

पुढच्या पावसाळ्यात तो परत आला. अंगणात पंगत बसली होती, गावातली चार माणसं होती. मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, मास्तरच्या पाया पडून मार्क घेतलेस ते खरं का? मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी भाकरी मोडत राहिलो.

“व्हय बाबा,” तो म्हणाला. “लई पडलो.”

लोक हसले, मामाही हसले. पुढे वारेपर्यंत ते आपल्या मुलाची पदवी सांगताना तोंडी लावायला तो विनोद सांगत. मुलाबद्दलचा संशय त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, आणि तो तिथे मी पेरला होता. तो उपटायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते बोलायच्या संधी मला इतक्या मिळाल्या की त्या मोजायला बसलो तर लाज वाटेल.

हे सगळं लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी त्याला मुंबईला पाठवलं. तुझ्याविषयी लिहिलं आहे, तुझं म्हणणं काय ते कळव, काही गाळायचं असेल तर गाळतो, असं वर लिहिलं. तो आता तिथे कायदा शिकवतो. आठ दिवसांनी कागद परत आले. त्याने काही खोडलं नव्हतं. ‘काट मार’च्या शेजारी समासात लिहिलं होतं : ‘हे मला आठवत नव्हतं.’ पाकिटावरच्या परक्या शहराच्या शिक्क्याशेजारी : ‘आमच्या गावात टपालावर शिक्का मारतच नसत. सगळं टपाल मोठ्या शहरात जायचं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’

आणि तारेच्या मजकुरापाशी तीन ओळी होत्या. बाबांचं पत्र तारेच्या चार दिवस आधी पोचलं होतं. त्याने विद्यापीठातून नाव काढून घेण्याचा फॉर्म आणून भरला होता. सही राहिली होती, कारण सहीच्या वर एक चौकट होती, सोडून जाण्याचं कारण, आणि तिथे काय लिहावं हे त्याला चार दिवस सुचत नव्हतं.